अपॉइंटमेंटची आठवण: १३४ जागांत वेळ, ठिकाण आणि फोन

धंतोलीत एका गल्लीत चार-चार दवाखाने आहेत. काटोल, सावनेर, उमरेड, भंडाऱ्याहून माणसं सकाळी निघून तिथे येतात. यातल्या बऱ्याच जणांच्या मोबाइलवर आदल्या दिवशी दवाखान्याचा एक मेसेज येऊन पडलेला असतो. तो साधारण असा:

```
नमस्कार, आपल्याला कळविण्यात येते की अमुक नेत्रालय येथे आपली उद्याची अपॉइंटमेंट सकाळी निश्चित करण्यात आली आहे. कृपया वेळेवर उपस्थित राहावे. धन्यवाद.
```

भाषा नम्र आहे, शुद्धलेखन बरोबर आहे. पण मेसेज वाचून झाल्यावर पेशंटचा मुलगा दवाखान्यात फोन लावतो आणि विचारतो, "मॅडम, मेसेज आला, पण किती वाजता यायचं ते त् दिसूनच नाही राहिलं." फोन टाळण्यासाठी पाठवलेल्या मेसेजनंच फोन वाढवला. शिवाय ज्यांनी फोन केला नाही, ते किती वाजता येतील हे कोणालाच माहीत नाही.

असा मेसेज दुरुस्त करायचा, तर तो मोबाइलवर कसा पोचतो हे थोडं समजून घ्यावं लागतं. साध्या एसएमएसची जागा ठरलेली आहे आणि मराठीला ती इंग्रजीपेक्षा निम्म्याहून कमी मिळते.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट माहिती मावते. इंग्रजी अक्षरं, अंक आणि नेहमीची विरामचिन्हं प्रत्येकी सात बिटांत बसतात, म्हणून इंग्रजीत १६० अक्षरं मावतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात. १४० ला दोनाने भागलं की उरतात ७०. मेसेजमध्ये एक जरी देवनागरी चिन्ह आलं तरी अख्खा मेसेज याच हिशोबात जातो, त्यातले इंग्रजी अंकसुद्धा. इंग्रजीत मेसेज लिहिणाऱ्यांनाही यात एक खड्डा आहे. रुपयाचं ₹ हे चिन्ह सात बिटांच्या यादीत नाही. फीची आठवण म्हणून ते एकदा टाकलं, की १६० ची मर्यादा तिथल्या तिथे ७० वर येते. वर्डमधून मजकूर उचलताना येणारी वळणदार अवतरणचिन्हं आणि लांब डॅश हेही तेच करतात. अशा वेळी "कालपर्यंत हाच मेसेज एकात जात होता, आज तीन का लागले?" याचं उत्तर अशाच एखाद्या चिन्हात सापडतं.

आता ७० म्हणजे ७० अक्षरं असं आपण धरतो, आणि पहिली चूक इथेच होते. मोजणी अक्षरांची होत नाही, चिन्हांची होते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळे वेगळे धरले जातात. 'नागपूर' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण न, काना, ग, प, ऊकार, र अशा सहा जागा घेतो. 'नेत्रालय' चार अक्षरांचा दिसतो आणि आठ जागा घेतो, कारण 'त्र'च्या आत त, हलन्त आणि र असे तिघे आहेत. 'अपॉइंटमेंट'ला दहा जागा लागतात. मधली मोकळी जागा, स्वल्पविराम आणि नवी ओळ यांचीही एकेक जागा जाते.

मजकूर ७० च्या वर गेला तर मेसेज तुटत नाही. त्याचे भाग होतात आणि मोबाइल ते जोडून दाखवतो. मात्र कोणता भाग कितवा हे सांगणारी माहिती प्रत्येक भागात ठेवावी लागते आणि तिला सहा बाइट जातात. म्हणून भाग पडले की प्रत्येक भागात ७० ऐवजी ६७ जागा उरतात. दोन भागांत १३४, तीन भागांत २०१. बिल भागावर लागतं. रोज शंभर पेशंटांना मेसेज जात असतील, तर दोन भागांचे दोनशे आणि तीन भागांचे तीनशे धरले जातात.

वरचा नम्र मेसेज या हिशोबानं मोजला तर १४७ जागा भरतात, म्हणजे तीन भाग. त्यातल्या पहिल्या ६७ जागा 'आपली उद्याची' या शब्दांवर संपतात. पहिला अख्खा भाग खर्च झाला आणि त्यात दवाखान्याचं नाव सोडलं तर कामाचं काहीही आलेलं नाही. तीन भागांचे पैसे देऊन तारीख नाही, वाजले किती ते नाही, यायचं कुठे ते नाही आणि जमत नसेल तर काय करायचं तेही नाही.

अशी वाक्यं सरकारी पत्राच्या सवयीनं येतात. 'कळविण्यात येते की', 'निश्चित करण्यात आली आहे', 'उपस्थित राहावे'. कागदावर त्यांना जागा असते. इथे लिहिणाऱ्यानं उलट बाजूनं सुरुवात करावी. मेसेज वाचून माणूस काय करणार आहे? तो त्या दिवशी काम बाजूला ठेवेल, ऑटोवाल्याला ठिकाण सांगेल आणि जमत नसेल तर फोन करेल. एवढ्याच तीन गोष्टींसाठी लागणारे शब्द ठेवायचे, बाकी सगळे काढायचे.

आपण एक खरंच लागणारं उदाहरण घेऊ. डोळ्यांचा दवाखाना, धंतोलीत, यशवंत स्टेडियमच्या जवळ. पेशंट काटोलच्या, साठी ओलांडलेल्या बाई. बुधवारी सकाळी साडेदहाला पडद्याची तपासणी आहे. त्यासाठी डोळ्यांत थेंब टाकून बाहुली मोठी करतात. त्यानंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. जूनमध्ये पाऊस लांबला असेल तर नागपूरचं दुपारचं ऊन असं असतं, की धडधाकट माणूसही डोळे मिटून घेतो. अशा अवस्थेत बाईंनी एकटीनं रस्ता ओलांडून मोरभवनला जाऊन बस धरणं बरोबर नाही आणि गाडी चालवणं तर मुळीच नाही. म्हणून वेळ, ठिकाण, फोन या तिघांबरोबर एक चौथी गोष्ट या मेसेजमध्ये हवीच: सोबत कोणीतरी आणा.

आधी सगळं एकाच भागात बसतं का ते पाहू.

```
अमुक नेत्रालय
बुध 17 जून, सकाळी 10:30
यशवंत स्टेडियमजवळ
0712XXXXXXX
```

हे ६७ जागांत बसलं. दिसायला सुटसुटीत आहे आणि ७० च्या आत आहे, म्हणून मोह होतो. पण शेवटचा नंबर कशासाठी आहे? येणार असल्याचं कळवायला, पत्ता विचारायला, की जमत नसेल तर? नुसता नंबर पाहून फोन करणारे थोडेच. आणि 'सोबत कोणी आणा'ला जागाच उरली नाही. माझं स्पष्ट मत आहे की मराठीत आठवणीचा मेसेज एका भागात कोंबू नये. दोन भाग घ्यावेत आणि १३४ जागा नीट वापराव्यात. तिसऱ्या भागात मात्र सहसा जाऊ नये.

दोन भागांचा पहिला खर्डा:

```
अमुक नेत्रालय: डोळे तपासणी
बुध 17 जून, सकाळी 10:30
धंतोली, यशवंत स्टेडियमजवळ
सोबत कोणी आणा
जमत नसेल तर मंगळवारी 5 च्या आत फोन: 0712XXXXXXX
```

मोजलं तर १३८. चार जागा जास्त झाल्या आणि त्या चार जागांसाठी तिसऱ्या भागाचे पैसे जाणार. अशा वेळी बहुतेक जण 'सकाळी'चं 'स.' करतात किंवा वार काढून टाकतात. म्हणजे नेमक्या कामाच्या शब्दावर कात्री चालवतात. कापायचं असेल तर दोनदा सांगितलेलं शोधावं. इथे 'नेत्रालय' म्हटल्यावर तपासणी डोळ्यांचीच असणार. 'डोळे' आणि पुढची मोकळी जागा काढली की पाच जागा सुटतात. १३३. मेसेज दोन भागांत आला आणि एकही माहिती गेली नाही.

आता वेळेची ओळ नीट पाहू. तिच्यात तारीख, वार, दिवसाचा प्रहर आणि घड्याळाची वेळ आहे, पण 'उद्या' नाही. 'उद्या' हा शब्द ज्या दिवशी वाचला जातो त्या दिवसापासून मोजला जातो. मोबाइल बंद असेल किंवा रेंज नसेल, तर एसएमएस नेटवर्कमध्ये थांबून राहतो आणि मोबाइल सुरू झाल्यावर पोचतो. मंगळवारी पाठवलेला मेसेज बुधवारी सकाळी उघडला तर त्यातला 'उद्या' गुरुवार होतो. मुलानं मेसेज पुढे आईच्या मोबाइलवर पाठवला तरी तेच.

वार आणि तारीख दोन्ही लिहायचं कारण वेगळं आहे. गावाकडचा माणूस बाजाराच्या वारावरून दिवस धरतो, नोकरी करणारा तारखेवरून. शिवाय रिसेप्शनवर तारीख टाइप करताना १७ चं १८ झालं, तर वार जुळत नाही आणि पेशंट स्वतःच फोन करून विचारतो. एकट्या तारखेत अशी चूक पकडायला काहीच नसतं. महिन्याचं नाव अक्षरांत ठेवावं. ७/६ असं लिहिलं की काही जण थबकतात. 'सकाळी' हा शब्द पाच जागा खातो, पण साडेसहा, सात, साडेसात या वेळा सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे ओपीडीत असतात, तिथे तो नसेल तर गोंधळ ठरलेला. फोनच्या ओळीतल्या '5'ला मात्र प्रहर लावला नाही, कारण पहाटे पाचच्या आत दवाखान्यात फोन करायचा असं कोणी समजत नाही.

ठिकाणाच्या ओळीबद्दल आपल्याकडे एक खास अडचण आहे. नागपुरातले पत्ते प्लॉट नंबर आणि लेआउटवर चालतात. दवाखान्याच्या पाटीवर, बिलावर आणि परवान्यावर तोच पत्ता असतो, म्हणून तोच उचलून मेसेजमध्ये टाकला जातो. पोस्टमनला तो पुरतो. गणेशपेठच्या बसस्टँडवर उतरलेल्या बाईंनी प्लॉट नंबर सांगितला तर ऑटोवाला विचारणारच, "काकू, कशाजवळ आहे ते सांगा." म्हणून मेसेजमध्ये खूण हवी, आणि ती अशी हवी की ऑटोवाल्याला पुढचा प्रश्न विचारावा लागू नये. ती जुनी आणि न हलणारी असावी. समोरच्या हॉटेलचं किंवा मोबाइलच्या दुकानाचं नाव देऊ नये, कारण दुकान बदलतं आणि मेसेज तोच राहतो. मेट्रोनं येणारे जास्त असतील तर स्टेशनचं नाव ही चांगली खूण आहे. आपल्या उदाहरणात स्टेडियम पुरेसं आहे. दवाखान्याच्या दोन शाखा असतील, समजा दुसरी मानेवाड्याला, तर मात्र भागाचं नाव कधीच गाळू नये. चुकीच्या शाखेत वेळेवर पोचलेला पेशंट दवाखान्याच्या दृष्टीनं न आलेलाच असतो.

गुगल मॅपची लिंक टाकावी का, असं हमखास विचारलं जातं. या मेसेजमध्ये टाकू नये. लिंक जागा खाते, साध्या बटणांच्या फोनवर ती उघडत नाही आणि अनोळखी लिंकवर बोट लावू नका असं आपणच घरच्या वडीलधाऱ्यांना सांगत असतो.

आता फोनची ओळ. सगळ्यात जास्त मेसेज इथेच फसतात.

दवाखाने मोठ्या संख्येनं मेसेज पाठवतात तेव्हा ते साध्या नंबरवरून जात नाहीत, सहा अक्षरांच्या हेडरवरून जातात. बँकेच्या मेसेजवर नंबराच्या जागी अक्षरं दिसतात, ते हेडर. अशा मेसेजला उलट मेसेज करता येत नाही. तरीही 'येणार असल्यास 1 लिहून पाठवा' असं छापलेले मेसेज मी पाहिले आहेत. पेशंट प्रामाणिकपणे 1 लिहितो, तो कुठेच पोचत नाही आणि त्याला वाटतं आपलं कळवून झालं. ही ओळ नसती तर त्यानं फोन तरी केला असता. म्हणून नियम साधा आहे: मेसेज हेडरवरून जात असेल तर उत्तराची वाट म्हणून फोन नंबरच द्यायचा. छोटा दवाखाना स्वतःच्या सिमकार्डवरून मेसेज पाठवत असेल तर 'उलट मेसेज करा' चालतं, पण ते मेसेज दिवसातून दोनदा कोण उघडून पाहणार हे आधी ठरलेलं हवं.

कोणी फोन करायचा, हेही ओळीत आलं पाहिजे. 'कृपया संपर्क साधा' एवढंच लिहिलं तर येणारेही फोन करतात आणि न येणारेही, आणि लाइन सतत व्यस्त लागते. आपल्या मेसेजमध्ये फक्त जमत नसलेल्यांना फोन करायला सांगितलं आहे. जे गप्प राहिले ते येणार असं धरायचं. दवाखान्याला प्रत्येकाचा होकार हवाच असेल, जसं शस्त्रक्रियेच्या दिवशी हवा असतो, तर मिस्ड कॉलची पद्धत चांगली. पेशंटचा पैसा जात नाही आणि नंबर आपोआप नोंदला जातो. तिची मर्यादा एवढीच, की मिस्ड कॉल नोंदीतल्या नंबरवरून आला तरच कोण ते कळतं. मेसेज मुलाच्या मोबाइलवर आणि मिस्ड कॉल शेजारच्या मोबाइलवरून, असं झालं की जुळवाजुळव हातानं करावी लागते.

'मंगळवारी 5 च्या आत' ही मुदत सुटलेल्या वेळेसाठी आहे. पाचपर्यंत कळलं तर रिसेप्शनवरची मुलगी वाट पाहणाऱ्या यादीतल्या दुसऱ्या कोणाला तरी साडेदहाची वेळ देऊ शकते. बुधवारी सकाळी नऊला कळलं तर कोणी येऊ शकत नाही.

या मुदतीवरूनच पाठवण्याची वेळ ठरते. दुपारी दोन ते पाच दवाखाना बंद असेल आणि मेसेज दोनला गेला, तर माणूस वाचल्या वाचल्या, म्हणजे दोन वाजून पाच मिनिटांनी फोन लावतो. पलीकडे कोणी उचलत नाही. दुसऱ्यांदा लावणारे कमी असतात. म्हणून रिसेप्शनवर पुढचे दोन-तीन तास माणूस बसलेला असेल अशाच वेळी मेसेज सोडावेत, सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास. या बाईंना सोबत मुलगा हवा आणि त्याला सुट्टी मागावी लागेल. त्यामुळे त्यांचा मेसेज सोमवारी सकाळी गेलेला बरा, मंगळवारी नको.

नंबर मात्र इंग्रजी अंकांतच लिहावा. देवनागरी अंकांनी जागा वाचत नाही आणि कित्येक मोबाइल देवनागरीत लिहिलेल्या नंबरला फोन नंबर म्हणून ओळखत नाहीत, त्यामुळे त्यावर बोट ठेवून थेट फोन लागत नाही. सगळा मेसेज एकसारखा दिसावा म्हणून वरच्या उदाहरणांत तारीख आणि वेळही तशीच ठेवली आहे.

आता पेशंटचं नाव. एका घरात एकच मोबाइल नंबर तिघांच्या नावावर नोंदलेला असतो. आजीची तपासणी, सुनेचा चष्मा, नातवाचं काही तरी. नाव नसेल तर मेसेज नेमका कोणाचा, हा प्रश्न घरात उरतो. 'तपासणी' काढून तिथे नाव टाकलं तर जागा फारशी वाढत नाही आणि आणखी एक फायदा होतो. सामायिक मोबाइलवर आजाराचा किंवा तपासणीचा उल्लेख नसलेलाच बरा. डोळ्यांच्या बाबतीत कोणी मनावर घेणार नाही, पण स्त्रीरोग, मानसोपचार किंवा त्वचारोगाचा दवाखाना असेल तर ही गोष्ट फार जपावी लागते.

नाव 'सुमनताई' असेल तर मेसेज नेमका १३४ वर येतो, म्हणजे काठावर बसतो. 'लक्ष्मीबाई' असेल तर १३७, कारण 'लक्ष्मी'च्या दोन हलन्तांसकट नावाला दहा जागा लागतात. म्हणजे तोच मेसेज एकीला दोन भागांत आणि दुसरीला तीन भागांत जातो. महिन्याचं बिल अंदाजापेक्षा जास्त का आलं हे शोधत बसलेल्या माणसाला हे कारण सहज सापडत नाही, कारण नमुना म्हणून पाहिलेला मेसेज दोनच भागांचा होता. मोजणी नेहमी यादीतल्या सगळ्यात लांब नावावर करावी.

म्हणून मी 'धंतोली' काढेन. एकच शाखा आहे आणि स्टेडियम कोणालाही माहीत आहे. आठ जागा सुटतात आणि नावाला पंधरा जागा मिळतात.

```
अमुक नेत्रालय: लक्ष्मीबाई
बुध 17 जून, सकाळी 10:30
यशवंत स्टेडियमजवळ
सोबत कोणी आणा
जमत नसेल तर मंगळवारी 5 च्या आत फोन: 0712XXXXXXX
```

एकूण १२९. या नावापुरता पहिला ६७ जागांचा भाग बरोबर 'यशवंत स्टेडियमजवळ'वर संपतो. कोण, कधी आणि कुठे हे पहिल्या भागात, तर सोबत कोण आणि फोन कुठे हे दुसऱ्यात. ज्या मोबाइलवर भाग सुटे दिसतात, तिथे दुसरा भाग मागून आला तरी माणूस योग्य दिवशी योग्य जागी पोचेल. स्मार्टफोनवर मेसेज न उघडताही वरच्या एक-दोन ओळी दिसतात. तिथेही 'नमस्कार' ऐवजी दवाखान्याचं नाव, पेशंटचं नाव आणि तारीख दिसते. पाच जागा उरल्या आहेत, त्या उरू द्याव्यात. मेसेज पाठवण्याच्या काही पॅनेलमधून नवी ओळ एक न धरता दोन चिन्हं म्हणून जाते. तसं झालं तर हाच मेसेज १३३ होतो आणि तरीही दोन भागांत राहतो.

कोणी म्हणेल, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत लिहिली तर १६० जागा मिळतात, मग एका भागात काम होईल. पैसे वाचतील हे खरं. पण ज्यांना आठवण करून द्यायची आहे, त्यांच्यातल्या कितीतरी जणी चौथी-सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या आहेत. देवनागरी त्या वाचतात, पण इंग्रजी अक्षरांतली मराठी त्यांना नातवाकडून वाचून घ्यावी लागते. पेशंट तरुण, शहरातले असतील तर चालवून घ्यावं. डोळ्यांच्या दवाखान्यात मी चालवणार नाही.

मजकूर ठरला की तो पाठवण्याआधी नोंदवावा लागतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक मेसेजसाठी पाठवणाऱ्याची, हेडरची आणि मजकुराच्या साच्याची डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी प्लॅटफॉर्मवर नोंद करावी लागते. साच्यातल्या बदलणाऱ्या जागा ठरलेल्या खुणेनं दाखवाव्या लागतात. आपल्या मेसेजमध्ये नाव, तारीख, वेळ आणि मुदतीचा वार एवढंच बदलतं. दवाखान्याचं नाव, खूण आणि फोन नंबर साच्यात कायमचे असावेत. म्हणजे रिसेप्शनवर घाईत नंबराचा एक आकडा चुकायची भीती राहत नाही.

नोंदलेला साचा आणि प्रत्यक्ष पाठवलेला मजकूर जुळला नाही तर मेसेज वाटेतच अडतो. कोणीतरी चांगल्या हेतूनं शेवटी 'धन्यवाद' जोडलं, किंवा 'च्या'च्या आधीची मोकळी जागा काढली, तरी तो पोचणार नाही. पेशंटला काही कळत नाही आणि रिसेप्शनवरही कळत नाही. पॅनेलवरचा डिलिव्हरी रिपोर्ट उघडला तरच ते दिसतं. म्हणून साचा बदलल्यावर पहिल्या दिवशी तो रिपोर्ट पाहावाच.

इथेच 'सोबत कोणी आणा' ही ओळ आठवावी. ती साच्यात कायम केली, तर नुसता चष्म्याचा नंबर काढायला येणारा तरुणही घरच्या कोणाला सुट्टी घ्यायला लावेल. असं दोन-तीनदा झालं की पेशंट ती ओळ वाचणंच सोडतात. दोन साचे नोंदवावेत, थेंब टाकायचे त्यांच्यासाठी एक आणि बाकीच्यांसाठी एक.

साचा पक्का करण्यापूर्वी एक चाचणी घ्यावी. मेसेज एका स्मार्टफोनवर आणि एका साध्या बटणांच्या फोनवर पाठवावा. साध्या फोनवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसले, तर त्या पेशंटांची वेगळी यादी करून त्यांना फोनच करावा लागेल. मग दवाखान्याशी संबंध नसलेल्या दोन-तीन माणसांना मेसेज एकदा वाचायला द्यावा, मोबाइल परत घ्यावा आणि विचारावं: कधी जायचं? ऑटोवाल्याला काय सांगाल? नाही जमलं तर काय कराल आणि कधीपर्यंत? तिसऱ्या प्रश्नावर माणूस अडखळला तर फोनची ओळ परत लिहावी. वरच्या मेसेजमधली 'जमत नसेल तर' ही सुरुवात त्यासाठीच आहे. 'रद्द करण्यासाठी' असं लिहिलं की माणसाला वाटतं तपासणीच रद्द होईल, आणि दुसरी तारीख हवी असलेलाही फोन करायला कचरतो.

शेवटचा प्रसंग तारीख बदलण्याचा. डॉक्टर बुधवारी नाहीत, शुक्रवारी या, असं कळवायचं आहे. अनेक ठिकाणी त्याच साच्यात नवी तारीख भरून मेसेज सोडतात. मग बाईंच्या मोबाइलवर एकाच दवाखान्याचे, एकसारखे दिसणारे दोन मेसेज असतात आणि दोन्ही खरे वाटतात. काही जण दोन तपासण्या आहेत असं समजून दोन्ही दिवशी येतात. बदलाच्या मेसेजमध्ये नव्या तारखेच्याही आधी जुन्या तारखेचं काय, हे आलं पाहिजे:

```
बुधवारी येऊ नका
अमुक नेत्रालय: लक्ष्मीबाई
शुक्र 19 जून, सकाळी 10:30
यशवंत स्टेडियमजवळ
सोबत कोणी आणा
जमत नसेल तर गुरुवारी 5 च्या आत फोन: 0712XXXXXXX
```

हा तीन भागांत जातो आणि इथे तिसऱ्या भागाचे पैसे द्यावेत. पण बदलाच्या वेळी एकट्या मेसेजवर विसंबू नये. साधी आठवण कोणी वाचली नाही तरी बाई कार्डावरची तारीख पाहून येतात. बदलाचा मेसेज वाचला नाही तर काटोलहून मुलाची सुट्टी मोडून येतात आणि बंद दारावरून परत जातात. आधी फोन करावा, माणसाशी बोलून नवी वेळ ठरवावी आणि मग हा मेसेज पाठवावा, म्हणजे ठरलेलं त्यांच्या मोबाइलवर लिहिलेलं राहील. फोन लागला नाही तर नोंदवहीत त्या नावापुढे तसं लिहून संध्याकाळी परत लावावा.